घामाचा मुरलेला वास : फवारा, सुगंधी दाणे आणि प्रत्यक्ष धुणे

कपडा धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला असतो आणि नाकाजवळ धरला तर छान सुगंधही येतो; पण अंगात घातल्यावर थोड्याच वेळात काखेपाशी तोच जुना, आंबूस वास पुन्हा उठतो. पॉलिएस्टरच्या व्यायामाच्या टी-शर्टच्या बाबतीत ही तक्रार सर्वाधिक आढळते, म्हणून या लेखात तोच एक कपडा उदाहरण म्हणून घेतला आहे. कपड्यांवर मारायचे सुगंधी फवारे आणि धुताना यंत्रात टाकायचे सुगंधी दाणे, म्हणजे सेंट बूस्टर, या वासावर नेमके काय करतात, काय करू शकत नाहीत, आणि वास खरोखर काढायचा असेल तर कोणत्या क्रमाने धुवावे, हे पुढे सांगितले आहे.

वास कपड्यात कुठे बसतो

ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील ग्रंथींमधून येणाऱ्या घामातील काही घटक त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि त्यातून तीव्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. ही संयुगे, त्वचेचे तेल, मृत त्वचेचे कण आणि जिवाणू असा सगळा ऐवज कपड्यावर उतरतो. त्वचेचे तेल दिवस जातील तसे हवेने खवट होते, त्यामुळे बरेच दिवस घडीत राहिलेल्या कपड्याला आंबूस वासाच्या जोडीला खवट वासही येऊ लागतो.

सुती धागा पाणी शोषतो. सामान्य हवेतसुद्धा तो स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के धरतो. पाण्याला लांब ठेवणारा हा धागा तेलाला मात्र जवळ करतो, त्यामुळे तेलकट थर आणि त्यात विरघळलेली वासाची संयुगे त्याला घट्ट चिकटतात, आणि धुण्याचे पाणी त्यांच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ जणांचे टी-शर्ट व्यायामानंतर तपासले होते. त्यात पॉलिएस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा स्पष्टपणे अधिक वाईट वास होता आणि वासाला हातभार लावणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर अधिक वाढलेले आढळले.

म्हणजे दूर करायच्या गोष्टी दोन आहेत : वासाची संयुगे, आणि ती ज्यात मुरली आहेत तो तेलकट थर. दुसरी राहिली की पहिली पुन्हा तयार होते. फवारा आणि दाणे यांची मर्यादा इथेच आहे.

फवारा काय करतो

कपड्यांच्या अनेक फवाऱ्यांत सुगंध, थोडे अल्कोहोल आणि पाणी यांबरोबर सायक्लोडेक्स्ट्रिन हा पदार्थ असतो. तो पिष्टापासून बनवतात. त्याचा रेणू कड्यासारखा असतो : बाहेरची बाजू पाण्याला जवळ करणारी, आतली पोकळी तेलकट रेणूंना सामावून घेणारी. फवारा वाळत जातो तसे वासाचे काही रेणू या पोकळीत अडकतात आणि हवेत उडेनासे होतात. नाकापर्यंत काही पोहोचत नाही, म्हणून वास गेल्यासारखा वाटतो. हा परिणाम खरा आहे, नुसता सुगंधाचा पडदा नव्हे, हे फवाऱ्याच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

मात्र ही पकड कायमची नसते. ओलावा मिळाला की पोकळीतले रेणू पुन्हा सुटू लागतात आणि काखेत ओलावा आल्यावाचून राहत नाही. शिवाय तेल, मृत त्वचा आणि जिवाणू जागच्या जागी राहिलेले असतात. काही फवाऱ्यांत जिवाणूनाशक असते आणि ते काही प्रमाणात काम करते, परंतु तेलाच्या थराखाली ते पोहोचत नाही आणि मेलेले जिवाणूही कपड्यातच राहतात. त्यामुळे घामाने वास येणाऱ्या टी-शर्टवर फवारा मारणे हा फार तर पुढच्या घामापर्यंतचा उपाय आहे.

फवाऱ्याची योग्य जागा वेगळी आहे. धुराचा, तळणीचा किंवा बंद खोलीचा वास हवेतून येऊन ज्या कपड्यावर बसला आहे आणि जो अंगाच्या घामाने भिजलेला नाही, असा कोट, जाकीट, पडदा किंवा फक्त ड्रायक्लीन करता येणारा कपडा फवाऱ्याला चांगली दाद देतो. आधी तो दोन-तीन तास मोकळ्या हवेत टांगावा, कारण अनेकदा तेवढ्यानेच भागते. वास उरलाच तर १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून, कपडा हाताला किंचित दमट लागेल इतकाच फवारा सगळीकडे सारखा मारावा. चार थेंबांचा शिडकावा केला तर पदार्थ वासापर्यंत पोहोचतच नाही, आणि चिंब केला तर वाळताना पाण्याचे डाग पडतात. नंतर कपडा पूर्ण वाळू द्यावा, कारण वासाचे रेणू पकडले जाण्याचे काम वाळतानाच होते. दमट कपडा तसाच कपाटात गेला, तर जुन्या वासावर कुबट वासाची भर पडते. रेशीम, चामडे आणि मखमली चामड्यावर आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी तपासून पाहिल्याशिवाय फवारा मारू नये.

सुगंधी दाणे काय करतात

दाण्यांची गोष्ट अधिक सरळ आहे. त्यांचा मुख्य भाग पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखा पाण्यात विरघळणारा, मेणचट वाटणारा पदार्थ असतो. त्यात सुगंधी तेल आणि बऱ्याचदा सुगंध भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या मिसळलेल्या असतात. दाणे पाण्यात विरघळतात, कुप्या धाग्यांना चिकटतात आणि नंतर कपडा घासला गेला की फुटून सुगंध सोडतात. म्हणून दाणे घातलेला कपडा कित्येक दिवसांनी झटकला तरी दरवळतो. मळ सोडवणारा घटक, विकर म्हणजे एन्झाइम, किंवा ब्लीच यांपैकी काहीही त्यांत सहसा नसते. दाणे दुप्पट घातले तर सुगंध वाढेल, स्वच्छता तेवढीच राहील.

माझ्या मते दाण्यांचा खरा तोटा असा की ते परीक्षा बिघडवतात. कपडा नीट धुतला गेला की नाही, हे ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे नाक, आणि तेच या सुगंधाने निरुपयोगी होते. धुण्यात काही कमी पडत असेल, पाणी गार असेल, ड्रम ठासून भरला जात असेल, पावडर कमी पडत असेल, तर ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि तेवढ्या काळात तेलाचा थर वाढत राहतो.

दाणे वापरायचेच असतील तर ते कपड्यांच्या आधी रिकाम्या ड्रममध्ये टाकावेत; पावडरच्या कप्प्यात घातले तर तिथेच चिकटून बसतात. गच्च भरलेल्या ड्रममध्ये, गार पाण्याच्या छोट्या फेरीत ते पुरते विरघळत नाहीत आणि घड्यांमध्ये मेणासारखे डाग सोडतात. असा डाग कोमट पाण्यात भिजवून खळबळल्यावर निघतो. दाणे रंगीत गोळ्यांसारखे दिसतात, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी ठेवावेत. ज्यांना सुगंधाने दम लागतो किंवा त्वचेला खाज सुटते, त्यांनी फवारा आणि दाणे दोन्ही टाळलेले बरे.

आधी तपासणी : वास मुरला आहे का

आता उदाहरणाचा टी-शर्ट घेऊ. गडद निळा, पॉलिएस्टरचा, त्यात थोडा ताणला जाणारा स्पॅन्डेक्स, लेबलवर ४० अंशांपर्यंत धुण्याची परवानगी. तो आजवर ३० अंशांवर अर्ध्या तासाच्या फेरीत, भरलेल्या ड्रममध्ये, सॉफ्टनर आणि दाणे घालून धुतला गेला आहे. यंत्रातून काढल्यावर सुवास येतो आणि घातल्यावर वीस मिनिटांत काखेतून वास येऊ लागतो.

कोरडा कपडा हुंगून काही कळत नाही, कारण वासाचे रेणू उडण्यासाठी ऊब आणि ओल लागते. म्हणून काखेचा भाग कोमट पाण्याने ओला करून पिळावा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. दुसऱ्या बरणीत त्याच टी-शर्टची खालची कड तशीच ओली करून घालायची असते. एकाच शर्टचे दोन भाग एका वेळी दोन बरण्यांत बसवणे गैरसोयीचे वाटले तर आधी एक आणि मग दुसरा तपासावा. बंद बरणी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे उभी करावी, मग झाकण उघडून लगेच हुंगावे. कडेला नुसता सुगंध आणि काखेला सुगंधाखालून आंबूस किंवा कांद्यासारखा वास, असा फरक जाणवला की वास धाग्यात मुरला आहे हे निश्चित समजावे. आपल्या स्वतःच्या वासाला नाक सरावलेले असते, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही हुंगायला द्यावे.

बोटांनाही काही सांगता येते. काखेचा भाग कडेपेक्षा जाडसर, मेणचट किंवा ताठर लागत असेल आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब कडेपेक्षा जास्त वेळ उभा राहत असेल, तर तिथे तेल, सॉफ्टनर आणि घामरोधकातले ॲल्युमिनियमचे क्षार यांचा थर जमला आहे. उदाहरणातल्या शर्टवर या दोन्ही खुणा आहेत, असे धरून पुढे जाऊ.

प्रत्यक्ष धुणे

पहिले काम तेल सैल करण्याचे. टी-शर्ट कोरडा असतानाच उलटा करावा, कारण मळ आतल्या बाजूला आहे. विकरयुक्त द्रव डिटर्जंट दोन्ही काखांवर थोडे थोडे ओतून बोटांनी हलक्या हाताने चोळावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. लेबलवर लायपेज आणि प्रोटिएज ही नावे दिसली तर उत्तम : पहिले विकर तेल फोडते, दुसरे प्रथिने. विकरांना वेळ लागतो, आणि छोट्या फेरीत तो मिळत नाही, हे तिच्या अपयशाचे मोठे कारण आहे. ब्रशने जोरात घासू नये. पॉलिएस्टरचे धागे उसवून गोळे येतात.

दुसरे काम भिजत घालण्याचे, आणि सगळ्या प्रक्रियेत निर्णायक तेच आहे. इथे ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, वापरावे. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन पदार्थ मिळतात. पेरॉक्साइड वासाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करतो आणि जिवाणू मारतो. सोडा पाणी अल्कधर्मी करतो, त्यामुळे वासाची आम्ले क्षारांत बदलतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत, पाण्यात विरघळून निघून जातात.

रंगीत कपड्याची आधी परीक्षा घ्यावी. चमचाभर पावडर कपभर गरम पाण्यात विरघळवून आतल्या शिवणीवर दोन थेंब टाकावेत, पंधरा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपावे. फडक्याला रंग लागला नाही आणि शिवणीचा रंग उतरला नाही, तर बादलीत ५ लिटर पाणी घ्यावे. ते ४० ते ४५ अंशांचे असावे, म्हणजे हात घालता येईल पण चांगले गरम वाटेल. त्यात सपाट दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम परकार्बोनेट आणि एक मोठा चमचा डिटर्जंट पूर्ण विरघळवावे. पाकिटावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे. मग टी-शर्ट पूर्ण बुडवून दोन ते चार तास ठेवावा आणि अधूनमधून वरखाली करावा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येताना दिसले पाहिजेत. ते आले नाहीत तर पाणी फार गार आहे किंवा पावडर दमट हवेने निकामी झाली आहे, आणि मग कितीही तास भिजवून उपयोग नाही. बराच मळ असेल तर पाणी पिवळसर, गढूळ होते. ते पाहून पहिल्यांदा दचकायला होते खरे, पण तोच आजवर सुगंधाखाली झाकला गेलेला ऐवज असतो.

इथे काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भिजवणीचे भांडे घट्ट झाकू नये, कारण आत वायू साठून दाब वाढतो. त्यात व्हिनेगर किंवा क्लोरीनचे ब्लीच मिसळू नये. लोकर आणि रेशीम या पाण्यात घालू नये. ते धागे अल्काने खराब होतात. क्लोरीनचे ब्लीच वेगळेसुद्धा नको, कारण त्याने स्पॅन्डेक्सची लवचिकता जाते.

व्हिनेगरची शिफारस सर्रास केली जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. व्हिनेगर आम्ल आहे. ते घामाच्या आम्लांना क्षारांतून परत मूळ रूपात आणते, म्हणजे उडू शकणाऱ्या, वास देणाऱ्या रूपात. जड पाण्यातले क्षार किंवा साबणाचा थर यांसाठी त्याचा उपयोग असेल, परंतु घामाच्या वासावर दिशा उलटी ठरते. खाण्याचा सोडा दिशेने बरोबर असला तरी फार सौम्य आहे, आणि दोन्ही एकत्र घातले की फसफस होऊन एकमेकांना निकामी करतात.

तिसरे काम धुण्याचे. भिजवलेला टी-शर्ट उलटाच ठेवून ४० अंशांवर, पूर्ण लांबीच्या फेरीत धुवावा. ड्रम निम्मा ते दोन तृतीयांश भरावा. वर मुठीएवढी जागा राहिली तरच कपडे आपटले जातात आणि पाणी त्यांच्यातून फिरते. पावडर किंवा द्रव पूर्ण प्रमाणात घ्यावे. निवड असेल तर ब्लीच असलेली पावडर बरी, कारण द्रव डिटर्जंटमध्ये ब्लीच सहसा नसते. सॉफ्टनर आणि दाणे या फेरीत अजिबात घालू नयेत : सॉफ्टनर धाग्यावर नवा मेणचट थर चढवतो आणि दाण्यांमुळे पुढची तपासणी फसवी होते.

यंत्र नसेल तर बादलीत गरम पाणी आणि पावडर घेऊन दहा मिनिटे खळबळावे, पिळावे, आणि गढूळपणा दिसेनासा होईपर्यंत तेच पाणी न वापरता पुन्हा करावे. पॉलिएस्टर कापसाइतका मळ पाण्यातून परत शोषत नसला, तरी तेलकट मळ मात्र पुन्हा त्यावर बसतो, म्हणून पाणी बदलण्यात कंजुषी करू नये.

एक जादा खळबळणी द्यावी. शेवटचे पाणी हाताला निसरडे लागत असेल तर डिटर्जंट राहिले आहे, आणि राहिलेले डिटर्जंट पुढच्या वेळी मळ धरून ठेवते. मग टी-शर्ट ताबडतोब, उलटाच, वारा लागेल अशा सावलीत वाळत घालावा. यंत्रात तासन्‌तास पडून राहिलेल्या ओल्या कपड्यांत मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू वाढतो आणि तो ओल्या धुण्याच्या विशिष्ट कुबट वासाला कारणीभूत असतो. तसे झाले तर सगळी मेहनत वाया जाते.

पुन्हा तपासणी आणि पुढचे धुणे

वाळल्यावर बरणीची चाचणी तशीच पुन्हा करावी. उदाहरणातल्या शर्टाच्या बाबतीत तीन शक्यता संभवतात. काख आणि कड यांच्या वासात फरक नसेल तर काम झाले आहे. फरक कमी झाला असून अजून पुसट उरला असेल, तर भिजवणी आणखी एकदा करावी. जुन्या थरासाठी दोन वेळा लागणे अनपेक्षित नाही. आणि वासाचा प्रकारच बदलला, म्हणजे आंबूस जाऊन कुबट आला, तर दोष टी-शर्टात नसून यंत्रात किंवा वाळवण्यात आहे. अशा वेळी दाराच्या रबराच्या खाचेत बोट फिरवून चिकट काळपट थर आहे का, ते पाहावे, तो पुसून काढावा आणि रिकामे यंत्र ६० अंशांवर किंवा त्याहून गरम फेरीत पावडर घालून चालवावे.

यानंतर प्रत्येक वेळी भिजत घालण्याची गरज नसते. व्यायामानंतर टी-शर्ट ओला असतानाच पिशवीत किंवा टोपलीत न कोंबता टांगून वाळवावा आणि शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उलटा करून पूर्ण फेरीत धुवावा. सॉफ्टनर या कपड्यासाठी कायमचे बंद करावे. सुगंध हवाच असेल तर शर्ट बरणीच्या चाचणीत उतरल्यानंतर अगदी थोडे दाणे घालावेत आणि मधूनमधून एखादे धुणे त्यांच्याशिवाय करून पुन्हा हुंगावे.

दोन भिजवण्यांनंतरही काखेतून वास येत असेल आणि तो भाग ताठर, पिवळसर पडलेला असेल, तर लेबल परवानगी देत असल्यास एकदा ६० अंशांवर धुऊन पाहावे. स्पॅन्डेक्सची ताण थोडी कमी होण्याची तयारी ठेवूनच हे करावे. त्यानेही फरक पडला नाही तर वर्षानुवर्षांचा खवट झालेला थर धाग्याशी इतका एकजीव झालेला असतो की घरगुती धुण्याने तो निघत नाही. असा शर्ट फडक्यांत जमा करावा आणि नव्या शर्टला पहिल्या धुण्यापासून पूर्ण फेरी व पूर्ण प्रमाणातले डिटर्जंट द्यावे.